या चुका टाळा: निविदापूर्व बैठकीची सूचना काढताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात नळपाणीपुरवठ्याच्या कामाची निविदा निघाली होती, तेव्हा बैठकीची सूचना टंकलिखित करून मीच सहीला ठेवली होती. बैठकीची तारीख 13, वेळ दुपारी 12. शंका देण्याची शेवटची मुदतही 13 तारीख, संध्याकाळी 5. दोन्ही ओळी एकाच कागदावर होत्या. मी त्या वाचल्या, साहेबांनीही वाचल्या, आणि दोघांच्याही नजरेतून ही गोष्ट सुटली.

बैठक तासाभरात आटोपली. दुपारनंतर ईमेलवर शंका यायला लागल्या. मुदत संपलेली नव्हती, त्यामुळे त्या नाकारता येत नव्हत्या. घ्यायच्या म्हटलं तर ज्या बैठकीत त्यांची उत्तरं द्यायची ती होऊन गेली होती. त्यातली एक शंका फार महत्त्वाची होती. नकाशात गावातली वितरण वाहिनी 110 मिमी व्यासाची दाखवली होती आणि परिमाणपत्रकात 90 मिमीची. बैठकीत कुणीतरी तोंडी विचारलं होतं आणि अभियंत्यांनी तिथल्या तिथं "110 धरा" असं सांगितलं होतं. ते कागदावर कुठंच आलं नाही. जे हजर होते त्यांनी 110 चा हिशेब केला, जे नव्हते त्यांनी 90 चा. सगळ्यात कमी दर गैरहजर कंत्राटदाराचा निघाला. पुढचे कितीतरी महिने त्या वाहिनीच्या फरकाची रक्कम कोण देणार यावर पत्रव्यवहार चालला, आणि तोवर गावातल्या बायाबापड्या विहिरीवरूनच पाणी वाहत राहिल्या.

सूचनेतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: तारखांचा क्रम. आधी शंकांची मुदत संपली पाहिजे, मग मधे किमान एक कामाचा दिवस हवा, मग बैठक. हा मधला दिवस अभियंत्यांना शंका वाचून नकाशा आणि परिमाणपत्रक समोरासमोर ठेवून पाहायला लागतो. बैठकीनंतर लेखी खुलासा चढवायला चार-पाच दिवस, आणि खुलासा चढल्यापासून निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कंत्राटदाराला दर पुन्हा काढायला पुरेसा वेळ.

समजा, निविदा सोमवारी 2 तारखेला प्रसिद्ध झाली. शंका बुधवारी 11 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत. गुरुवार अभियंत्यांचा. बैठक शुक्रवारी 13 तारखेला दुपारी 12 वाजता. लेखी खुलासा बुधवारी 18 तारखेपर्यंत पोर्टलवर. निविदा भरण्याची शेवटची तारीख 27, शुक्रवार. खुलाशानंतर नऊ दिवस मिळतात. नकाशा बदलला असेल तर तेवढे लागतातच, कारण पाइपवाल्याकडून नवा भाव मागवायला दोन-तीन दिवस सहज जातात. जागा पाहायची असेल तर तीही 11 च्या आत पाहून व्हायला हवी, हे सूचनेत लिहावं. काळ्या मातीत चर किती ढासळतो, कुठं मुरूम आणि कुठं खडक लागतो, हे शेतातून फिरल्याशिवाय कळत नाही. तिथंच तर शंका उभ्या राहतात.

तोंडी उत्तराचा प्रश्न तारखा नीट लावूनही उरतो. सूचनेत एक वाक्य असावंच: बैठकीतल्या तोंडी उत्तराला किंवा इतिवृत्ताला निविदेत बदल करण्याचं बळ नाही, बदल फक्त शुद्धिपत्रकानं होईल. जागतिक बँकेच्या नमुना निविदा दस्तऐवजातही हाच नियम आहे. आपल्याकडे बांधकाम आणि पाणीपुरवठ्याच्या निविदांत बैठकीनंतर जो सामायिक खुलासा निघतो, ज्याला सगळे सीएसडी म्हणतात, तो निविदेचा भाग धरला जातो. म्हणून त्यात "110 मिमी ग्राह्य धरावे, परिमाणपत्रकातील बाब याप्रमाणे सुधारली आहे" असं स्पष्ट लिहायचं आणि सुधारलेलं परिमाणपत्रकही सोबत चढवायचं. नुसतं पत्र चढवलं तर कंत्राटदार जुनीच फाइल भरून टाकतो.

शंका कशी मागवायची हेही सूचनेतच ठरतं. "काही शंका असल्यास कळवावे" एवढं लिहिलं की "अट स्पष्ट करावी" अशी एक ओळ येते, आणि कुठली अट ते शोधण्यात दिवस जातो. मी पुढे पाच रकान्यांचा तक्ता जोडायला लागलो: अनुक्रमांक, पान, अटीचा क्रमांक, मूळ मजकूर, शंका. तक्ता ईमेलनं पाठवावा किंवा पोर्टलवरच्या खुलासा मागण्याच्या सोयीतून द्यावा. टपालानं येणारा कागद मुदतीत पोचेल याचा भरवसा नसतो. उत्तरं प्रसिद्ध करताना कुणी विचारलं ते नाव काढून टाकावं. कोण कोण भरणार आहे हे निविदा उघडण्याआधी एकमेकांना कळलं तर आपसात ठरवून दर लावायला वाट मोकळी होते. हजेरीपत्रकही त्यासाठीच पोर्टलवर टाकू नये.

हजेरीबद्दल आमच्याकडं सवयीनं एक वाक्य लिहिलं जायचं: "बैठकीस उपस्थिती अनिवार्य". त्याखाली न आल्यास काय होईल हे मात्र लिहिलेलं नसायचं. मग गैरहजर कंत्राटदाराची निविदा बाद करायची की नाही यावर तक्रारी येतात. माझं मत स्पष्ट आहे: उपस्थिती ऐच्छिक ठेवा, आणि "अनुपस्थितीमुळे निविदा अपात्र ठरणार नाही, मात्र खुलासे सर्वांस बंधनकारक राहतील" असं लिहा. ज्याला गडचिरोलीहून यवतमाळला यायचं, त्याचा अख्खा दिवस प्रवासात जातो. येणाऱ्यानं संस्थेच्या लेटरहेडवर अधिकारपत्र आणि स्वतःचं ओळखपत्र आणावं, एका संस्थेचे जास्तीत जास्त दोन जण, आणि एका माणसानं दोन संस्थांच्या वतीनं सही करू नये, एवढे नियम पुरेत.

ठिकाण लिहिताना "पंचायत समिती सभागृह" एवढ्यावर थांबू नका. एकदा नागपूरचे दोघे पहिल्या एसटीनं येऊन जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसले होते आणि बैठक तालुक्याला चालू होती. त्यातला एक नंतर फोनवर म्हणाला, "सायेब, आमी तर दहापासून हालमध्येच बसून राह्यलो होतो." चूक त्याची नव्हती. सूचनेवर कार्यालयाचा पत्ता जिल्ह्याचा होता आणि सभागृह कुठल्या गावचं ते लिहिलंच नव्हतं. गाव, इमारत, मजला, बस स्थानकापासूनची खूण आणि एका लिपिकाचा कार्यालयीन क्रमांक लिहावा. बैठक सकाळी 10 ची ठेवू नये. तालुक्याला पोचणाऱ्या गाड्या पाहून 12 बरी. त्या दिवशी सुट्टी जाहीर झाल्यास बैठक पुढच्या कामाच्या दिवशी त्याच वेळी व त्याच ठिकाणी होईल, हेही आधीच लिहून ठेवावं.

सही होण्याआधी शेवटचं एक काम आहे. छापील सूचना हातात घ्या आणि mahatenders.gov.in वर त्या निविदेच्या महत्त्वाच्या तारखांचं पान उघडा. खुलासा मागण्याची शेवटची तारीख, बैठकीची तारीख आणि निविदा भरण्याची शेवटची तारीख दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे का ते एकानं मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं पाहावं. पोर्टलवर वेळ सर्व्हरच्या घड्याळानं चालते, भिंतीवरच्या नाही. तिथं 11 तारखेचे 5 वाजले की पोर्टलवरची शंकांची सोय बंद होते, मग कागदावर 13 तारीख छापलेली असली तरी. तफावत सापडली तर फोन करून किंवा फलकावर चिठ्ठी लावून भागवू नका. पोर्टलवरच शुद्धिपत्रक काढा, आणि बैठक पुढं गेली असेल तर त्याच शुद्धिपत्रकात शंकांची आणि निविदा भरण्याची तारीखही पुढं न्या.