होमस्टे किंवा कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करताय? कागदपत्रांतल्या या चुका टाळा

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर गावाकडून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की अरे फाईल परत आली, आता काय करू. मागच्या तीन-चार वर्षांत दापोलीकडच्या नातेवाईकांच्या आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच फायली मी जवळून बघितल्यात. सांगायचं एवढंच की फाईल अडते ती पर्यटन विभागाच्या फॉर्मवर क्वचितच अडते. अडते ती घराच्या कागदावर. सातबाऱ्यावर एक नाव, घरपट्टीवर दुसरं, लाईटबिलावर तिसरं. आणि हे दुरुस्त करायला महिने जातात, फॉर्म भरायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

माझ्या चुलतभावाचं उदाहरण घेऊन सांगतो, म्हणजे नीट कळेल. गावात आजोबांनी बांधलेलं जांभ्या दगडाचं घर, मागे दोनेक एकर आंबा-काजूची बाग. दादा आणि वहिनी तिथेच राहतात. घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, वहिनी जेवण करणार, बाग दाखवायची, असा साधा प्लॅन.

पहिली चूक : कुठल्या योजनेत बसतो हे न ठरवता चलन भरणं

दादाने कोणीतरी सांगितलं म्हणून थेट कृषी पर्यटनाचा फॉर्म घेतला. आता होमस्टे (आपल्याकडे जुनं नाव न्याहारी व निवास) आणि कृषी पर्यटन केंद्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होमस्टेमध्ये पाया म्हणजे तुमचं राहतं घर, मालक किंवा त्याचं कुटुंब तिथे राहत असलं पाहिजे आणि त्यातल्या काही खोल्या पाहुण्यांना. केंद्र सरकारच्या योजनेत 1 ते 6 खोल्या आणि जास्तीत जास्त 12 बेड अशी मर्यादा आहे. कृषी पर्यटनात पाया म्हणजे चालू शेती. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं, त्यात शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्र वगैरे अर्ज करू शकतात आणि तिथे सातबारा हाच मुख्य कागद आहे.

मग ठरवायचं कसं? स्वतःला एक प्रश्न विचारा, पाहुणा माझ्या घरात झोपणार की शेतातल्या वेगळ्या बांधकामात? घरात झोपणार असेल आणि बाग ही फक्त फिरवायला असेल तर होमस्टे सोपं पडतं. शेतात वेगळ्या खोल्या आहेत, शाळेच्या सहली येणार, दिवसभराचा कार्यक्रम आहे, तर कृषी पर्यटन. दादाचं सरळसरळ होमस्टेचं प्रकरण होतं, पण कृषी पर्यटनाचं 2,500 रुपयांचं चलन आधीच भरून झालेलं. एकदा भरलेलं चलन दुसऱ्या योजनेत वळवत बसण्यापेक्षा आधी पर्यटनाच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात जाऊन किंवा फोन करून खोल्या किती, घर कुठे, शेती किती एवढं सांगा आणि मगच पैसे भरा. चलन हा सगळ्यात शेवटचा कागद समजा.

दुसरी चूक, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी : नावं न जुळणं

दादाकडे चार कागद होते. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात दादाचे बाबा आणि दोन काका अशी तीन नावं सामाईक. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याला, अजून आजोबांचंच नाव. लाईटबिल आजोबांच्या नावावर. आणि अर्ज दादाच्या नावाने, ज्याचं नाव ह्यातल्या एकाही कागदावर नाही. फाईल परत येणारच होती.

इथे एक गैरसमज आधी काढून टाका. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नाही. खूप लोक म्हणतात घरपट्टी माझ्या नावावर आहे म्हणजे घर माझं, तर तसं नसतं. पण पर्यटनाच्या फायलीत तो लागतो कारण त्या घराची ग्रामपंचायतीकडे नोंद आहे आणि कर भरलेला आहे हे त्यातूनच दिसतं. घर गावठाणात असेल आणि गावाचं सिटी सर्व्हे झालेलं असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागते, हेही बघून घ्या, कारण गावठाणातल्या घराला लोक शेताचाच सातबारा जोडतात आणि त्या सातबाऱ्यात ते घर बसतच नाही.

दादाने मग कसं केलं ते क्रमाने सांगतो. आधी नमुना 8. आजोबांचा मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि जुनी घरपट्टी पावती जोडून ग्रामपंचायतीत अर्ज दिला, मासिक सभेत विषय आला आणि मग नाव बदललं. थकबाकी असेल तर हे काम पुढे सरकतच नाही, त्यामुळे आधी घरपट्टी-पाणीपट्टी क्लिअर करा. सातबाऱ्यावर बाबांचं आणि काकांचं नाव आधीच लागलेलं होतं म्हणून वाचलो. ते लागलेलं नसेल तर तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) वारस नोंदीचा अर्ज, मग फेरफाराची 15 दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. कागदावर हे महिन्याभराचं काम दिसतं पण एखादा वारस पुण्या-मुंबईत आणि एखाद्याचा आधार पत्ता चुकलेला असं असलं की लांबतंच.

नंतर संमतीपत्र. सामाईक खातं असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती हवी, आणि ती मोघम नको. 'आमची काही हरकत नाही' एवढ्याने भागत नाही. गट नंबर, घर नंबर, किती खोल्या, कशासाठी, कोण चालवणार आणि किती वर्षांसाठी हे सगळं त्यात लिहा आणि नोटरी करून घ्या. दादाच्या पहिल्या संमतीपत्रात गट नंबर होता पण घर नंबर नव्हता, तेवढ्यासाठी मुंबईच्या काकांना पुन्हा सही करायला लागली. काकांनी केली, पण सगळ्या घरांत एवढा जिव्हाळा असतोच असं नाही, म्हणून पहिल्याच वेळी नीट लिहा.

तिसरी चूक : ग्रामपंचायतीच्या एनओसीला सगळं समजणं

ग्रामपंचायतीची ना हरकत मिळाली म्हणजे झालं असं धरून लोक मागे दोन कॉटेज टाकतात. ग्रामपंचायत तिच्या अखत्यारीतलं सांगते. जमिनीचा वापर, किनाऱ्याचे नियम, हे तिच्या कागदाने सुटत नाहीत.

शेतजमिनीवरच्या शेतघराचं बघा. जमीन महसूल संहितेत शेतघराला जमिनीच्या प्रमाणात मर्यादा आहे. 0.4 हेक्टरपासून 0.6 हेक्टरपर्यंत धारण असेल तर जोतं 150 चौरस मीटरच्या आत, त्याच्या वर असेल तर 400 चौरस मीटरच्या आत. एक एकरापेक्षा कमी तुकड्यावर बंगला बांधून त्याला शेतघर म्हणणाऱ्यांची फाईल इथेच लटकते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल तर पुढे काहीही करायच्या आधी तहसीलला विचारा, त्या जमिनीच्या वापरावर अटी असतात.

आणि आपल्या किनारपट्टीवाल्यांसाठी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर स्थानिक लोकांना होमस्टेची मुभा आहे, पण अट अशी की आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आजोबांच्या घरात खोल्या देणं वेगळं आणि त्याच घराच्या पुढे समुद्राकडे डेक काढणं वेगळं. दादाला पुढच्या पडवीला काचा लावून एसी रूम करायची होती. भरतीरेषेपासून घर जवळ असल्यामुळे मी त्याला स्पष्ट नको म्हटलं, आणि ती पडवी तशीच उघडी राहिली. पाहुणे आता चहा तिथेच पितात.

चौथी चूक : सेफ्टीचं फक्त फोटोपुरतं करणं

फायर एक्स्टिंग्विशर भाड्याने आणून फोटो काढणारे मी बघितलेत, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण तिथे कोणाची तरी लेकरं झोपणार असतात. स्वयंपाकघराजवळ एक आणि खोल्यांच्या पॅसेजमध्ये एक एबीसी पावडरचा सिलेंडर ठेवा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि लेबलवर रिफिलची तारीख आहे का हे बघा, बिल फायलीत लावा. भेटीला आलेला अधिकारी तारीख बघतो.

लाईटचं त्याहून महत्त्वाचं. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं आणि त्यावर गिझर जोडलेला असतो. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून ट्रिप होतो का ते स्वतः बघा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि आतला माणूस आवाजही न देता बेशुद्ध पडतो. शेतात केंद्र असेल तर विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण, शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, म्हणून काठाला बांधलेला दोर आणि ट्यूब कायम तिथेच ठेवा.

आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवरून खोल्यांना लाईट देऊ नका. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर धरतात आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. खोल्यांसाठी वेगळा मीटर घ्या, फायलीला तेच लाईटबिल लागतं.

बाकीचे छोटे कागद

जेवण देणार असाल तर अन्न नोंदणी foscos.fssai.gov.in वर, छोट्या व्यवसायाला साधं रजिस्ट्रेशन पुरतं. पण अर्जदाराचं नाव आणि पत्ता नमुना 8 प्रमाणेच टाका. दादाच्या केसमध्ये जेवण वहिनी करते म्हणून अन्न नोंदणी तिच्या नावावर काढली होती आणि होमस्टे दादाच्या नावावर, परत एक खुलासा लिहून द्यावा लागला. पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घराच्या कामाबरोबरच सुरू करा, त्याला थांबायचं कारण नाही. आणि पाहुण्यांचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा, परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत केंद्र सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी पोर्टलवर भरावी लागते, सकाळी उठून बघू असं म्हणून चालत नाही.

दादाची दुसरी फाईल अशी लागली : वर नमुना 8 आणि घरपट्टी पावती, मग सातबारा आणि संमतीपत्र, मग लाईटबिल, आधार, पॅन, पोलीस पडताळणी, अन्न नोंदणी, खोल्यांचे आणि बाथरूमचे फोटो, वायरमनचा दाखला, एक्स्टिंग्विशरचं बिल आणि शेवटी योग्य योजनेचं चलन. सगळ्यावर एकच घर नंबर आणि नावाचं एकच स्पेलिंग. जूनमध्ये नमुना 8 चा अर्ज दिला होता, ऐन भात कापणीत भेट झाली. अधिकाऱ्यांनी आरसीसीबीचं बटण स्वतः दाबून बघितलं.