एक दगड जुळला म्हणजे नकाशा जुळला नाही

दोन भावांचं शेत नकाशावर ८० मीटर रुंद आणि १२० मीटर लांब. पश्चिमेचा अर्धा थोरल्याचा, पूर्वेचा धाकट्याचा. मधला बांध नांगरटीत गेलेला. कोपऱ्यांचे तीन जुने दगड मात्र जागेवर आहेत: नैर्ऋत्य, आग्नेय आणि ईशान्य.

मोजणीदाराने रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं दांड्यावरचं यंत्र, नैर्ऋत्येच्या दगडावर धरला. निर्देशक आले पूर्व ५००.००, उत्तर १०००.००. नकाशाचा तो कोपरा त्याने इथे आणून ठेवला, मधल्या रेषेसाठी पूर्व ५४०.०० धरलं आणि दक्षिण-उत्तर टोकांना खुंट्या मारल्या. धाकट्याने ईशान्येच्या दगडापासून उत्तरेच्या खुंटीपर्यंत फीता ओढला. ३७.९३ मीटर. हवे होते ४०.

नवख्या माणसाला नेमका हाच सापळा गाठतो. एका दगडावर कोणताही नकाशा जुळतोच, कारण तो फक्त सरकवलेला असतो, फिरवून पाहिलेला नसतो. नकाशाची उत्तर आणि यंत्राची उत्तर एकच असेल असं मुळीच धरू नका. ‘एक खूण मिळाली की पुरे’ म्हणणारे अनुभवी लोकही भेटतील. या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

मग मोजणीदाराने आग्नेयेचा दगड मोजला: पूर्व ५७९.९८, उत्तर १००१.४०. दोन दगडांमधलं अंतर ७९.९९ मीटर, म्हणजे रुंदी नकाशाशी जुळली. पण ७९.९८ मीटर पूर्वेला जाताना रेषा १.४० मीटर उत्तरेला चढते. म्हणजे शेत नकाशापेक्षा एक अंश फिरलेलं आहे. एक अंश ऐकायला किरकोळ, पण १२० मीटरवर तो २.१० मीटर होतो, आणि चुकीच्या व खऱ्या रेषेमधला त्रिकोण १२६ चौरस मीटरचा. तेवढी धाकट्याची जमीन थोरल्याकडे जात होती.

नकाशा फिरवल्यावर उत्तरेच्या खुंटीची जागा आली पूर्व ५३७.८९, उत्तर ११२०.६८. खरी परीक्षा मात्र तिसऱ्या दगडाची, कारण पहिले दोन वापरूनच नकाशा फिरवला होता. ईशान्येचा दगड गणिताने पूर्व ५७७.८९, उत्तर ११२१.३८ इथे हवा होता, मोजणीत ५७७.९१, ११२१.३५ मिळाला. फरक दोन-तीन सेंटिमीटर. असा फरक आला की घाबरू नका, रोव्हरचा दांडा किंचित कलला तरी एवढं होतं. फरक अर्धा मीटर आला तर मात्र खुंटी मारू नका. तीनपैकी एखादा दगड हलला असावा. कोणता, हे ठरवायला आणखी एखादी जुनी खूण शोधावी लागते.

रोव्हर ‘फ्लोट’, म्हणजे जागा अजून पक्की नाही, असं दाखवत असताना दगडाची नोंद घेऊ नका, ‘फिक्स्ड’, म्हणजे पक्की, होईपर्यंत थांबा. प्रत्येक दगड थोड्या वेळाने दुसऱ्यांदाही मोजा.

खुंटी नव्या जागी गेली. फीता पुन्हा धाकट्यानेच ओढला, दुसरं टोक थोरल्याने धरलं. ४०.०३ मीटर.