गेम स्ट्रीमिंग सुरू करण्याआधीची तयारी: अपलोड, आवाज, वेळापत्रक आणि पैशांचा हिशेब

काहीही विकत घेण्याआधी इंटरनेटचा अपलोड वेग मोजावा, आणि तो आपण ज्या वेळी स्ट्रीम करणार आहोत त्याच वेळी मोजावा. जाहिरातीत सांगितलेला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो; स्ट्रीमरचे सगळे काम अपलोडवर चालते आणि तो पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट कमी भरतो. चार-पाच दिवस रोज मोजून मिळालेल्या आकड्यांपैकी सरासरी घेऊ नये, सर्वांत कमी आकडा घ्यावा आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, त्याच्या दोन तृतीयांशांच्या आत ठेवावा. ट्विच या थेट प्रसारणाच्या मंचावर 1080p चित्र सेकंदाला 60 फ्रेमने पाठवायचे तर साधारण 6000 kbps लागतात, 720p 60 फ्रेमने पाठवायचे तर 4500, आणि 720p 30 फ्रेमने पाठवायचे तर 3000. म्हणजे सर्वांत वाईट दिवशी अपलोड 6 Mbps मिळत असेल तर 6000 चा विचार सोडून द्यावा. 3000 वर निर्धास्त राहता येते. या बिटरेटला तासाला सुमारे 1.35 GB डेटा जातो, त्यामुळे ज्यांच्या जोडणीला मासिक मर्यादा आहे त्यांनी महिन्याचे तास गुणून पाहावेत.

कमी बिटरेटमध्ये कमीपणा मानण्याचे कारण नाही, उलट नव्या चॅनलला त्यात एक फायदा आहे. मोठ्या चॅनलचे चित्र ट्विच स्वतः वेगवेगळ्या दर्जांत रूपांतरित करून देते आणि प्रेक्षक आपल्या जोडणीप्रमाणे 480p किंवा 360p निवडतो. लहान चॅनलला ही सोय मिळेलच असे नाही. ती मिळाली नाही तर तुम्ही पाठवता तेच चित्र सर्वांना घ्यावे लागते. अशा वेळी मोबाइलवर पाहणाऱ्याचे चित्र 6000 वर अडकत राहते आणि तो काही न बोलता निघून जातो. आपल्या बाजूला सगळे सुरळीत दिसत असल्याने तो का गेला हे आपल्याला कळतही नाही.

यानंतर चाचणी घ्यावी, आणि ती प्रेक्षकांसमोर घेऊ नये. ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या आउटपुट भागात रेट कंट्रोल `CBR` आणि कीफ्रेम इंटरव्हल 2 सेकंद ठेवावे. ट्विच प्रत्येक चॅनलला स्ट्रीम की नावाचा गुप्त संकेत देते; त्याच्या शेवटी पुढील तुकडा जोडला की प्रसारण ट्विचपर्यंत पोहोचते, परंतु चॅनलवर कोणालाही दिसत नाही:

```
?bandwidthtest=true
```

असे अर्धा तास, प्रत्यक्ष गेम खेळत, चालू ठेवावे. केवळ डेस्कटॉप दाखवून केलेली चाचणी निरुपयोगी असते, कारण संगणकावर खरा ताण गेम चालू असतानाच येतो. चाचणीच्या वेळी ओबीएसमधील `Stats` ही चौकट उघडी ठेवावी. चित्र अडखळण्याची कारणे तीन असतात आणि ती तेथे वेगवेगळी मोजली जातात. `Dropped Frames` वाढत असतील तर दोष जोडणीचा आहे: वायफाय सोडून वायर लावावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर बिटरेट उतरवावा. `Skipped frames due to encoding lag` वाढत असतील तर संगणकाला चित्र संकुचित करण्याचे काम झेपत नाही, आणि प्रोसेसरवर चालणाऱ्या x264 ऐवजी ग्राफिक्स कार्डातील एन्कोडर निवडल्यावर ते बहुतेक थांबते. `Frames missed due to rendering lag` वाढत असतील तर गेमनेच ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापले आहे, म्हणून गेममध्ये जाऊन फ्रेमची कमाल मर्यादा घालावी. नवा माणूस या तिन्हींना मिळून 'लॅग' म्हणतो आणि महागडे इंटरनेट घेऊन येतो. दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा असेल तर तो खर्च वाया जातो.

साहित्यात पहिला पैसा मायक्रोफोनवर घालावा. कॅमेरा नसलेले स्ट्रीम लोक तासन्‌तास पाहतात, पण घुमणारा किंवा फाटणारा आवाज कोणी पाच मिनिटेही सहन करत नाही. सर्वांत महाग मायक्रोफोन लागतो असेही नाही. साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरला तर पंख्याचा व कीबोर्डचा आवाज पुष्कळ दबतो. ओबीएसमध्ये त्यावर नॉइज सप्रेशन, कॉम्प्रेसर आणि लिमिटर हे फिल्टर याच क्रमाने लावावेत, आणि नेहमीच्या बोलण्याला आवाजाची पट्टी पिवळ्या भागात राहील व ओरडल्यावरही लाल भागाच्या टोकाला भिडणार नाही अशी पातळी धरावी. गेमचा आवाज बोलण्याखाली स्पष्टपणे दबलेला हवा. हे कानात हेडफोन घालून ठरवता येत नाही. दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग करून ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे. माझ्या पहिल्या स्ट्रीममध्ये चांगला मायक्रोफोन टेबलावर समोर होता आणि ओबीएसने निवडलेला होता वेबकॅममधला. पावणेदोन तासांनी एकाने चॅटमध्ये विचारले, "दादा, बादलीत बसून बोलताय का?" तोपर्यंत किती जण येऊन गेले असतील कोण जाणे.

मायक्रोफोननंतर प्रकाश आणि मग कॅमेरा, कारण चेहऱ्यावर समोरून नीट उजेड पडला तर साधा वेबकॅमही चालतो. चॅट वाचण्यासाठी दुसरा स्क्रीन लागतोच, पण तो जुना मोबाइलही असू शकतो. अलीकडच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स कन्सोलवरून थेट स्ट्रीम करता येते, त्यामुळे कॅप्चर कार्ड सुरुवातीला घेऊ नये. प्रसिद्ध गाणी पार्श्वभूमीला लावू नयेत. हक्कभंगाच्या तक्रारीमुळे जतन झालेल्या व्हिडिओचा आवाज बंद होतो आणि तक्रारी साचत गेल्या तर चॅनल जाते.

गेमची निवड हीसुद्धा तयारीच आहे. ट्विचवर एखाद्या गेमचे पान उघडले की चॅनल साधारणपणे प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने दिसतात. हजारो लोक एकाच वेळी जो गेम दाखवत आहेत त्यात चार प्रेक्षकांचे चॅनल इतके खाली असते की तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. म्हणून आपल्या ठरलेल्या वेळी चार-पाच गेमची पाने उघडून, चार प्रेक्षक असलेले चॅनल कितव्या जागी आहे हे मोजावे. पहिल्या तीस-चाळीस चॅनलमध्ये जागा मिळत असेल तो गेम धरावा. ज्या गेमच्या पानावर एकूण प्रेक्षकच पंधरा-वीस आहेत तोही टाळावा, कारण तेथे पहिली जागा मिळूनही पाहणारा कोणी नसतो.

वेळापत्रक आपल्याला सहा महिने निभावेल इतकेच ठरवावे. आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन तास आणि सुरू करण्याची वेळ पक्की, एवढे पुष्कळ झाले. रोज सहा तास बसणारा बहुधा पाचव्या आठवड्यात थकून नाहीसा होतो. शिवाय महत्त्वाची असते ती एका वेळी उपस्थित असलेल्या प्रेक्षकांची सरासरी, आणि रिकामे तास वाढवले की ती खालीच येते. कमाईची वाट उघडणाऱ्या ट्विचच्या अफिलिएट दर्जासाठी अनेक वर्षे असलेली अट याचे चांगले उदाहरण आहे: 30 दिवसांत 500 मिनिटे प्रसारण, 7 वेगवेगळे दिवस, 50 फॉलोअर आणि सरासरी 3 प्रेक्षक. पहिल्या दोन बाबी तीन दिवसांच्या वेळापत्रकात सहज बसतात. बहुतेकांची गाडी अडते ती सरासरी 3 प्रेक्षकांवर. यूट्यूबवर सदस्यत्व आणि सुपर चॅट, म्हणजे पैसे देऊन चॅटमध्ये पाठवलेले संदेश, उघडण्यासाठी 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत 3 सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात पाहिले गेलेले 3000 तास ही 2023 मध्ये सैल केलेली अट आहे. तासांऐवजी शॉर्ट्सच्या पाहण्याचाही पर्याय तिथे आहे. चॅटमध्ये कोणी नसतानाही बोलत राहण्याचा सराव आधीच करावा, कारण नवा प्रेक्षक आत येतो तेव्हा त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात शांतता ऐकू आली तर तो थांबत नाही. डॅशबोर्डवरचा प्रेक्षकांचा आकडा झाकून ठेवलेला बरा; तो दिसत राहिला की तोंड आपोआप बंद पडते.

आता पैसे. समजा असे वेळापत्रक पाळून सहाव्या महिन्यात एखाद्या चॅनलची सरासरी 12 प्रेक्षकांवर आली. येथवर पोहोचणे ही चांगली प्रगती आहे. पुष्कळ चॅनल येथपर्यंत येतच नाहीत. त्याचे ट्विचवर दरमहा पैसे भरणारे 9 सबस्क्रायबर आहेत असे धरू. नव्या स्ट्रीमरला ट्विच सबस्क्रिप्शनचा साधारण अर्धा भाग देते, आणि किंमत देशानुसार बदलत असल्याने स्वस्त देशांतील प्रेक्षकाकडून त्याहून कमी मिळतात. म्हणून सरासरी 2 डॉलर धरले तर 18 डॉलर झाले. प्रेक्षक ट्विचकडून बिट विकत घेऊन चॅटमध्ये देतात आणि एका बिटमागे स्ट्रीमरला 1 सेंट मिळतो, तेव्हा महिन्याचे 700 बिट म्हणजे 7 डॉलर. थेट टिप 10 डॉलर आल्या. एकूण 35. त्यासाठी स्ट्रीमचे 39 तास आणि तयारी, क्लिप, चॅनलची कामे यांचे 12 तास, असे 51 तास गेले. म्हणजे तासाला सुमारे 70 सेंट. मायक्रोफोन, दिवा आणि स्टँड यांवर 150 डॉलर घातले असतील तर याच दराने ते सुटायला चार महिन्यांहून थोडे अधिक लागतात, तेही मधे नवा गेम विकत घेतला नाही तर. ट्विचकडचे 25 डॉलर लगेच हातात पडतात असेही नाही, कारण पैसे पाठवण्याची किमान मर्यादा बहुतेक मार्गांनी 50 डॉलर आहे, म्हणजे दोन महिन्यांची कमाई साचल्यावर पहिली रक्कम निघते.

या हिशेबात भेट मिळालेली सबस्क्रिप्शन धरू नयेत. एखाद्या रात्री कोणी उत्साहाच्या भरात 10 सबस्क्रिप्शन वाटतो, 9 चे 19 होतात, आणि महिन्याने ती आपोआप संपून आकडा पुन्हा 9 किंवा 8 वर येतो. वहीत दोन रकाने ठेवावेत: स्वतः पैसे भरून पुढे चालू ठेवणारे एका रकान्यात, भेट मिळालेले दुसऱ्यात. नोकरीचे तास कमी करण्यासारखा कोणताही निर्णय पहिल्या रकान्यावरच घ्यावा.

थेट टिप घेण्याची व्यवस्था करताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की पेपलसारख्या वैयक्तिक खात्यातून टिप घेतली तर पैसे देणाऱ्याला आपले खरे नाव दिसू शकते. चॅनलच्या नावाने व्यवसाय खाते उघडून आणि स्वतःलाच एक लहान रक्कम दुसऱ्या खात्यातून पाठवून काय दिसते ते पाहून घ्यावे. दुसरी अशी की थेट टिप उलटवता येते. अनोळखी माणूस एकदम 200 डॉलर देतो, चॅटमध्ये जल्लोष होतो, आणि काही आठवड्यांनी तो व्यवहारावर वाद दाखल करून रक्कम परत मागतो. वर शुल्कही आपल्याच खात्यातून कापले जाऊ शकते. पेपलवर असा वाद 180 दिवसांपर्यंत दाखल करता येतो, म्हणून मोठी टिप तेवढे दिवस खात्यातच राहू द्यावी. बिट्स आणि सुपर चॅटमध्ये व्यवहार मंचाच्या हातात असल्याने हा धोका बराच कमी असतो. मंचावरील कराचा अर्ज मात्र पहिल्या रकमेची वाट न पाहता नोंदणीच्या वेळीच भरावा, आणि त्यातले नाव बँक खात्यावरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही पैसे अडकून पडतात.