विनातारण मुदत कर्ज: या चुका टाळा

विनातारण म्हणजे घर-जमीन गहाण टाकावी लागत नाही, एवढंच. कर्जातून घेतलेलं यंत्र बँकेकडे नजरगहाण राहतंच. तारण नसल्यामुळे मॅनेजरची सगळी मदार एकाच प्रश्नावर असते: धंद्यातून हप्ता निघेल का? बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

समजा, मसाला कांडपाचं साडेसात लाखांचं यंत्र घ्यायचं आहे. दीड लाख स्वतःचे, सहा लाख कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता साधारण १३,३५० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. आयकर विवरणपत्रात नफा ३ लाख आणि घसारा ४० हजार दिसतो. घसाऱ्यात रोख पैसा बाहेर जात नाही, म्हणून तो नफ्यात मिळवतात. त्यातून घरखर्चाचे १ लाख ८० हजार वजा केले की उरतात १ लाख ६० हजार. हप्ता जेमतेम निघतो, म्हणजे उरलेल्या रकमेचं वर्षाच्या हप्त्याशी गुणोत्तर १. बँकेला साधारण सव्वा ते दीड हवं असतं, कारण एखादा महिना धंदा मंदावला तरी हप्ता चुकू नये.

इथे नफा फुगवून नवं विवरणपत्र भरणं ही सर्वांत वाईट युक्ती. दोन वर्षांची विवरणपत्रं एकाच आठवड्यात भरलेली दिसली की संशय येतोच. त्यापेक्षा मुदत ७ वर्षं मागा. हप्ता सुमारे १०,६०० वर येतो आणि गुणोत्तर १.२६ होतं. व्याज एकूण जास्त जातं, पण अर्ज तग धरतो. नव्या यंत्रामुळे उत्पन्न वाढणार असेल, तर दुकानदारांची ऑर्डरपत्रं जोडा. नुसता अंदाज कुणी धरत नाही.

दुसरी चूक कागदांच्या विसंगतीची. जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात विक्री १८ लाख आणि खात्यात जमा ९ लाख, असं दिसलं की विचारणा होते. रोखीची विक्री खात्यात न भरण्याची सवय अर्जाच्या वर्षभर आधीच मोडायला हवी. पाहुण्यांकडून पैसे फिरवून घेतलेली जमा मात्र स्टेटमेंटवर लगेच ओळखू येते: आज आली, उद्या गेली.

कागद तसे मोजकेच: पॅन, आधार, उद्यम नोंदणी (ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका), दुकान परवाना, जागेचा भाडेकरार, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांची विवरणपत्रं आणि यंत्राचं कोटेशन. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि तुमच्या फर्मचं नाव परवान्यावर आहे तसंच असू द्या. कच्च्या मालाचा खर्च त्यात घुसडू नका. त्यासाठी वेगळं खेळतं भांडवल मागतात.

दुचाकीचा किंवा मोबाइलचा चालू हप्ता अर्जात लपवू नका. क्रेडिट अहवालात तो दिसतोच, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.