बारीक मनगटावर घड्याळ बसेना, शेवटी पट्टीने मोजलं (माझा अनुभव)

माझं मनगट घेराला साडेपंधरा सेंटीमीटर, म्हणजे बारीकच. मागच्या वर्षी ४२ एमएमचं ऑटोमॅटिक घेतलं, फोटोत भारी दिसत होतं, पण हातावर घातलं की पट्टा कडेने मनगटाला न टेकता सरळ खाली लोंबायचा आणि मधे फट दिसायची, बायको म्हणाली वाटी बांधल्यासारखं दिसतंय.

मी फक्त डायलचा आकार बघत होतो, चूक तिथेच. खरं बघायचं ते लग-टू-लग. लग म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती घड्याळाची शिंगं, आणि लग-टू-लग म्हणजे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर. मनगट टेबलावर ठेवून वरचा सपाट भाग पट्टीने मोजला तर ४८ एमएम भरला आणि घड्याळाचं लग-टू-लग निघालं ५१! म्हणजे दोन्ही टोकं बाहेर. सपाट भागापेक्षा तीन-चार एमएम कमी असलेलं बरं. लग खाली वळलेले असतील तर थोडं जास्तही चालतं, सरळ असतील तर नाही.

जाडी पण नडलीच, १४ एमएम, वजन वर असल्यामुळे घड्याळाचं डोकं सारखं एका बाजूला कलंडायचं आणि शर्टाच्या कफात अडकायचं ते वेगळंच. त्यात मी नाटो पट्टा लावलेला, तो घड्याळाच्या केसच्या खालून जातो त्यामुळे घड्याळ अजूनच उंच.

मग ते विकून सेकंडहँड सेइको ५ घेतलं, SNK809, ३७ एमएम, लग-टू-लग साधारण ४३, जाडी ११ च्या आसपास. आता हलत नाही. हां, पट्टा उन्हाळ्यात एक भोक सैल करावा लागतो, हात फुगतो ना.