बिल्टीवरचं भाडं मालावर चढवण्याआधी

नागपुरात वाडीच्या गोदामातून माल इतवारीतल्या दुकानात उतरला, हमाल पैसे घेऊन गेले, आता खरेदीची नोंद करायची आहे. संगणक उघडण्याआधी टेबलावर चार कागद एकत्र हवेत: बिल्टी, पुरवठादाराचं बिल, त्याची पॅकिंग लिस्ट आणि डिलिव्हरी घेताना दिलेल्या पैशांची पावती. पॅकिंग लिस्ट बहुतेक दुकानांत डब्यातच राहते आणि डब्याबरोबर रद्दीत जाते. ती आधी काढून घ्या. कुठल्या डागात काय आहे आणि त्याचं वजन किती, हे फक्त तिच्यावर असतं. बिल्टीवर ‘हार्डवेअर, 12 नग’ एवढंच लिहिलेलं असतं.

हे सगळं एका उदाहरणावर बघू. राजकोटहून एका हार्डवेअर दुकानात 12 नग आले, असं धरा. त्यांत लोखंडी बिजागऱ्यांची 4 पोती आहेत, प्रत्येकी 50 किलो. पितळी नळांचे 3 खोके आहेत, प्रत्येकी 30 किलो, एका खोक्यात 60 नळ. आणि प्लास्टिकच्या फ्लश टाक्यांचे 5 मोठे डाग आहेत, प्रत्येकी 12 किलो, एका डागात 6 टाक्या. कर सोडून बिजागऱ्या 95 रुपये किलो, नळ 250 रुपयांना एक, टाकी 500 रुपयांना एक. बिलाची बेरीज 79,000 रुपये.

सुरुवात कागदांची जोडी लावण्यापासून. बिल्टी नंबर, तारीख, कुठून कुठे, पाठवणारा, घेणारा, नग, बिल नंबर आणि ई-वे बिल नंबर एवढं उतरवून घ्या. परराज्यातून आलेला माल कर धरून 50,000 रुपयांच्या वर असला की ई-वे बिल लागतंच, त्यामुळे आपल्या या मालाला ते असणार. त्यावर बिलाचा नंबर असतो आणि बहुतेक वेळा बिल्टीचाही, म्हणून जोडी जुळते की नाही हे तपासायला ते चांगलं. एका बिल्टीत दोन बिलांचा माल येतो, कधी एका बिलाचा माल दोन बिल्ट्यांवर चार दिवसांच्या अंतराने येतो. जोडी लावायच्या आधीच भाडं वाटलं तर एका बिलावर दुप्पट चढतं आणि दुसरं कोरडं राहतं.

मग बिल्टी ‘पेड’ आहे की ‘टू पे’, ते बघा. टू पे असेल तर भाडं आपण देणार. पेड असेल तर पाठवणाऱ्याने दिलं, आणि तो ते बिलात वेगळी ओळ घालून आपल्याकडून घेतो किंवा मालाच्या दरातच धरतो. बिलात ‘फ्रेट’ची ओळ असेल तर वाटायची रक्कम ती, बिल्टीवर छापलेली नव्हे. दरातच धरलं असेल तर वेगळं वाटायला काही उरतच नाही. पेड बिल्टीवरचा आकडा दिसला म्हणून तोही चढवला की त्या मालावर तेच भाडं दोनदा बसतं. तिसरा प्रकार, महिन्याचं एकत्र बिल येणारा. त्यात बिल्टीवर रक्कम बहुधा कोरी असते. तिथे ठरलेल्या दराने अंदाजी भाडं आधी चढवून ठेवा आणि बिल आल्यावर फरक दुरुस्त करा. नाहीतर निम्मा माल विकून झाल्यावर त्याची खरी किंमत कळेल.

आता वजन. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे घाई नको. बिल्टीवर वजनाचे दोन रकाने असतात, प्रत्यक्ष वजन आणि चार्ज वजन. आपल्या बिल्टीवर प्रत्यक्ष 350 किलो आहे आणि चार्ज 470 किलो. भाडं चार्ज वजनावर लागतं. 9 रुपये किलोने 470 चे 4,230 रुपये, 12 नगांची हमाली नगाला 10 प्रमाणे 120 रुपये, बिल्टी चार्ज 50, एकूण 4,400. हा गुणाकार स्वतः करून बघाच. बिल्टी कार्बनची तिसरी-चौथी प्रत असते, 1 आणि 7 सारखेच दिसतात. दर गुणिले वजन जुळलं नाही तर एकतर आकडा वाचण्यात चूक आहे, नाहीतर दर क्विंटलचा आहे आणि आपण तो किलोचा धरतोय.

350 चे 470 कसे झाले? ट्रकमध्ये जागा विकली जाते. फ्लश टाक्या हलक्या असल्या तरी जागा खातात, म्हणून ट्रान्सपोर्टवाला त्यांचं वजन घनफुटावरून धरतो. पोती आणि नळांचे खोके घट्ट भरलेले, त्यांचं चार्ज वजन प्रत्यक्षाइतकंच: 200 आणि 90. उरलेले 180 किलो पाच डागांचे, म्हणजे डागाला 36. हे खरं आहे का ते टेप लावून कळतं. डाग दीड फूट बाय दीड फूट बाय दोन फूट, म्हणजे साडेचार घनफूट. घनफुटाला 8 किलो धरले की बरोबर 36 येतात. घनफुटामागे किती किलो धरायचे हे प्रत्येक ट्रान्सपोर्टचं वेगळं असतं, तेव्हा आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हिशेब जुळला नाही तर भाडं भरण्याआधी बोलता येतं. पैसे दिल्यावर कोण ऐकतो, भाऊ!

आता वाटणी. मूळ भाडं चार्ज वजनावर लागलं, म्हणून तेही चार्ज वजनावरच वाटा. हमाली नगांवर लागली, ती नगांवर. बिल्टी चार्ज छोटा आहे, तोही नगांवर टाकून मोकळे व्हा. बिजागऱ्यांच्या वाट्याला 1,800 अधिक 56.67, म्हणजे 1,856.67 रुपये आले. किलोला 9 रुपये 28 पैसे. नळांच्या वाट्याला 852.50, 180 नळ, म्हणजे नळामागे 4.74. टाक्यांच्या वाट्याला 1,690.83, 30 टाक्या, टाकीमागे 56.36. तिन्हींची बेरीज पुन्हा 4,400 व्हायलाच हवी. शीटमध्ये प्रत्येक ओळ गोल करताना पैशा-दोन पैशांचा फरक पडतो, तो शेवटच्या ओळीत घ्यायचा. B1 मध्ये मूळ भाडं आणि C5 ते C7 मध्ये चार्ज वजनं असतील, तर D5 आणि D6 ला वरचं सूत्र आणि D7 ला खालचं:

```
=ROUND($B$1*C5/SUM($C$5:$C$7),2)
=$B$1-SUM(D5:D6)
```

‘एवढं कशाला, किमतीच्या प्रमाणात वाटून टाका,’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण त्यासाठी नुसतं बिल पुरतं. त्या पद्धतीने काय होतं ते बघा. 79,000 मध्ये नळ 45,000 चे, म्हणून त्यांच्यावर 2,506 रुपये बसतात, नळाला जवळजवळ 14. बिजागऱ्यांवर किलोला फक्त 5.29 येतात. म्हणजे त्यांची पडतळ 100.29 दिसते, खरी आहे 104.28. गिऱ्हाईक घासाघीस करतंय म्हणून 103 ला दिल्या, तर वहीत किलोला पावणेतीन रुपये नफा दिसेल आणि खिशातून सव्वा रुपया जाईल. तिकडे नळ विनाकारण नऊ रुपयांनी महाग दिसतो आणि शेजारचा दुकानदार आपल्यापेक्षा स्वस्त विकतो. नुसत्या प्रत्यक्ष वजनावर वाटलं तर टाकीवर 56 ऐवजी 25 रुपयेच बसतात, तेही चूकच. सगळा माल एकाच जातीचा असेल तर किमतीवर वाटायला माझी हरकत नाही. लोखंड, पितळ आणि प्लास्टिक एका बिल्टीत आलं की नाही.

अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीच्या नोंदीतच जादा खर्च मालावर वाटायची सोय असते. बहुधा दोन पर्याय मिळतात, संख्येवर किंवा किमतीवर. संख्येवर निवडलं तर ते 200 किलो, 180 नळ आणि 30 टाक्या यांची सरळ बेरीज करून 410 ने भागतं आणि टाकीलाही बिजागऱ्यांच्या किलोइतकेच 10.73 रुपये लावतं. अशा मिश्र मालाला आधी शीटमध्ये वाटणी करा, मग प्रत्येक मालाची रक्कम हाताने भरा.

जीएसटीचं एक बघून घ्यायचं. बिल्टीवर किंवा बिलावर ‘कर कोण भरणार’ ही ओळ असते. घेणारा भरणार असेल आणि आपण नोंदणीकृत असू, तर रिव्हर्स चार्जने 5 टक्के आपल्याला भरावे लागतात. 4,400 वर 220 रुपये. हे रोखीने भरायचे असतात, क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत, पण भरल्यावर त्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं. म्हणून हे 220 मालाच्या किमतीत घालू नका. कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानदाराला मात्र क्रेडिट नाही, त्याने 4,400 ऐवजी 4,620 वाटावेत. आणि ट्रान्सपोर्टरने स्वतःच बिलात कर लावला असेल तर रिव्हर्स चार्ज भरायचा नाही, हेही त्याच ओळीवरून कळतं.

वाडीहून दुकानापर्यंत आणणाऱ्या टेम्पोचे पैसेही मालावरच चढतात. टेम्पोतही जागाच भरते, तेव्हा तेही चार्ज वजनावर वाटा. टेम्पोवाला बिल्टी देत नाही, नुसता भाड्याने येतो, त्यामुळे त्यावर रिव्हर्स चार्ज येत नाही. निदान तारीख, गाडी नंबर आणि रक्कम लिहिलेल्या व्हाउचरवर त्याची सही घेऊन ठेवा.

डॅमरेज मात्र वेगळं काढा. माल वेळेत उचलला नाही म्हणून गोदामात नगाला दिवसामागे जो आकार लागतो, तो डिलिव्हरीच्या पावतीत भाड्याखालीच छापलेला असतो आणि एकूण बेरजेत मिसळून जातो. तो आपल्या ढिलाईचा खर्च आहे, माल आणण्याचा नव्हे. लेखा मानक 2 नुसारही असा खर्च साठ्याच्या किमतीत धरत नाहीत. पावतीची एकूण रक्कम 4,400 पेक्षा जास्त दिसली तर आधी तिच्या खालच्या ओळी वाचा.

शेवटचं सांगायचं ते नगांचं. ते डिलिव्हरीच्या प्रतीवर सही करण्याआधीच मोजा. 12 लिहिलेत आणि 11 आले तर तिथेच ‘एक नग कमी’ असा शेरा लिहून घ्या, कुठला डाग ते खुणेवरून ओळखा, आणि त्या डागाचा माल व त्याच्या वाट्याचं भाडं दाव्यात मागा. समजा टाक्यांचा एक डाग आला नाही. मग 36 किलोचे 324 रुपये, हमाली आणि बिल्टी चार्जचा वाटा 14.17, असे 338.17 रुपये दाव्याकडे गेले पाहिजेत. ते उरलेल्या 24 टाक्यांवर टाकले तर प्रत्येक टाकी 14 रुपयांनी महाग होईल, आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडे मागायची रक्कम कुठेच लिहिलेली राहणार नाही.