सेन्सर बदलायच्या दिवसाची तयारी: बाण आडवा असेल तरच कॅलिब्रेशन

गेल्या वेळी नवा सेन्सर लावताना माझी एकच गोष्ट चुकली आणि रात्री साडेअकराला हात थरथरत मी ग्लुकोजच्या गोळ्या शोधत होते. म्हणून या वेळची तयारी आधीच लिहून ठेवते आहे. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं आणि दंडावर किंवा पोटावर शुगर सतत मोजणारा सेन्सर असतो, त्यांच्यासाठी.

पहिली तयारी वेळेची. सेन्सर लावल्यापासून आकडे दिसू लागेपर्यंतचा वॉर्म-अप किती, ते आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात पाहून ठेवा. कुठे अर्धा तास असतो, कुठे एक तास, कुठे दोन. त्वचेखाली बसवायच्या सेन्सरला तर पूर्ण २४ तास लागतात. पण हिशेब तेवढ्यावर थांबवू नका. वॉर्म-अप संपेल त्या क्षणी तुमची शुगर स्थिर असायला हवी. म्हणजे जेवण होऊन निदान तीन तास गेलेले, नुकतंच इन्सुलिन घेतलेलं नाही, व्यायाम केलेला नाही. मी संध्याकाळी सहाला सेन्सर लावला, दोन तासांचा वॉर्म-अप, आणि मधेच सव्वासातला जेवले. चूक तिथेच सुरू झाली. झोपायच्या तोंडावरही लावू नका, पहिल्या काही तासांतले आकडे जागेपणी बघायला हवेत.

मीटर, लॅन्सेट, पट्ट्या जवळ ठेवा, हे सांगायला नको. पट्ट्यांची तारीख मात्र बघा आणि डबीचं झाकण घट्ट लावलेलं आहे ना तेही बघा. ओल लागलेली पट्टी चुकीचा आकडा देते आणि तो आकडा पुढे सेन्सरला शिकवला जातो. हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. बोटाला फळाचा रस लागलेला असेल, तर त्यातली साखर थेंबात मिसळते आणि मीटर खोटाच मोठा आकडा दाखवतो.

वॉर्म-अपमध्ये यंत्र उगाच वेळ काढत नसतं. बारीक तार त्वचेखाली शिरली की तिथल्या पेशींना इजा होते, थोडी सूज येते. तारेवरचा थर ओला होऊन स्थिर व्हायलाही वेळ लागतो. तोवर मिळणाऱ्या विद्युतप्रवाहावरून शुगर सांगता येत नाही, म्हणून पडदा कोरा असतो. पडदा कोरा म्हणजे शुगर फार खाली गेल्याचा, ‘लो’चा अलार्मही बंद. हे माणसं विसरतात. या काळात इन्सुलिन घ्यायचं असेल, गाडी चालवायची असेल किंवा शुगर पडल्यासारखं वाटत असेल, तर बोट टोचा. दुसरा मार्गच नाही. आणि वॉर्म-अप संपला म्हणजे सेन्सर पूर्ण स्थिरावला असंही नाही. पहिल्या दिवशी आकडे इतर दिवसांपेक्षा जास्त हलतात.

आता जे मी विसरले ते. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे बोट टोचून मीटरवर आलेला आकडा सेन्सरमध्ये भरताना, पडद्यावरचा शुगरची दिशा दाखवणारा बाण आडवा हवा. आडवाच. वर चढणारा नको, खाली उतरणारा नको, किंचित तिरकाही नको.

कारण असं. मीटर रक्तातली शुगर मोजतो, सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली. रक्तातला बदल त्या द्रवात पोचायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात, शुगर वेगाने बदलत असेल तर तफावत आणखी मोठी दिसते. शुगर स्थिर असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळ येतात आणि तेव्हाच त्यांची तुलना खरी असते. शुगर चढत असताना मीटर पुढे आणि सेन्सर मागे असतो. तेव्हा मीटरचा आकडा भरला, तर सेन्सरला वाटतं आपण मुळातच कमी दाखवतोय, आणि तो त्यानंतरचे सगळे आकडे वर उचलतो.

माझं नेमकं हेच झालं. रात्री आठला पडद्यावर १३० आणि वर जाणारा बाण, मीटरवर १७२. मला वाटलं सेन्सर चुकतोय, म्हणून १७२ भरले. पडद्यावरचा आकडा लगेच १६०च्या पुढे गेला आणि नऊ वाजता २३५ दिसला. मी घाबरून शुगर उतरवायला करेक्शनचं इन्सुलिन घेतलं. खरी शुगर तेव्हा १९०च्या आसपास असावी, आणि जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन अजून काम करत होतं. साडेअकराला पडद्यावर ८४, बाण आडवा. माझा अलार्म ७०ला लावलेला, म्हणून तो वाजलाच नाही. पण घाम फुटला होता, हात थरथरत होते. बोट टोचलं तर ६६. अंगाने खरं सांगितलं नसतं तर मी ८४ बघून झोपले असते.

म्हणून पुन्हा: बाण तिरका असेल तर मीटरचा आकडा हवा तर औषधाच्या निर्णयासाठी वापरा, सेन्सरमध्ये भरू नका. थांबा. बाण आडवा होऊन पंधरा-वीस मिनिटं तसाच राहिला की मग टोचा आणि पाच मिनिटांच्या आत भरा. अर्ध्या तासापूर्वीचा आकडा आठवून भरायचा नाही.

त्याआधी हे तपासा की तुमचा सेन्सर कॅलिब्रेशन घेतो का. काही घेतच नाहीत, काहींना दिलं तर चालतं, आणि काही जुन्या सेन्सरांना ठरावीक तासांनी ते द्यावंच लागतं. सक्ती नसेल आणि फरक लहान असेल, तर हात लावू नका. मीटरही शंभर टक्के बरोबर नसतो. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा असते. मीटर १२० आणि सेन्सर १३५ म्हणत असेल, तर कोण चुकतंय हे तुम्हाला कळणार नाही. शुगर ७०च्या वर असेल तेव्हा २० टक्क्यांपेक्षा जास्त आणि त्याखाली असेल तेव्हा २० अंकांपेक्षा जास्त फरक, तोही बाण आडवा असताना, दिसला तरच विचार करा. लागोपाठ तीन-चार वेळा आकडे भरत बसू नका, सेन्सर आणखी गोंधळतो.

वॉर्म-अपनंतरही बोट टोचायचंच असे प्रसंग: आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नाहीत तेव्हा, बिनशर्त. पडद्यावर आकडा किंवा बाण गायब असेल तेव्हा. लो झाल्यावर ग्लुकोज घेतलं की पंधरा मिनिटांनी. सेन्सर तेव्हाही खालचाच आकडा दाखवत असतो आणि घाबरून माणूस दुप्पट खातो. रात्री सेन्सरच्या बाजूवर झोपल्याने दाब पडून खोटा लो आला असेल तर, कूस बदलून. काही सेन्सरांमध्ये पॅरासिटामॉलने, काहींमध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने आकडा खोटा वर जातो. आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक बघा.

उरलेलं पटकन. ग्लुकोजच्या गोळ्या उशाशी. जुना सेन्सर संपायच्या दोन तास आधी शेवटचा आकडा आणि बाण बघून घ्या, शुगर पडत असेल तर आधी ती सावरा, मग बदला. सेन्सरचा आणखी एक नग घरात हवा. आणि बाण, आडवा.